डायव्हर्टरची प्लेट भिंतीला बसत नाही: चूक टाइलआधीच झालेली असते

मी नाशिकमध्ये बाथरूम नूतनीकरणाची छोटी कामं घेते. कन्सील्ड डायव्हर्टरची, म्हणजे शॉवरकडे किंवा खालच्या तोटीकडे पाणी वळवणाऱ्या, भिंतीत गाडलेल्या नळाची, एक तक्रार वर्षातून चार-पाच वेळा तरी येते. टाइल्स लागल्या, ग्राउट भरलं, सगळं धुऊनपुसून झालं, आणि शेवटच्या दिवशी प्लंबर प्लेट-हँडल बसवायला गेला की काम अडतं. प्लेट भिंतीपासून बोटभर पुढे राहते, नाहीतर हँडल आतल्या दांडीपर्यंत पोहोचतच नाही. मग प्लंबर म्हणतो टाइलवाल्याने भिंत जाड केली, टाइलवाला म्हणतो प्लंबरने बॉडी, म्हणजे भिंतीतला पितळी भाग, खोल बसवली, आणि घरमालक बिचारा दुकानात जाऊन ‘पीस बदलून द्या’ म्हणून भांडतो. पीस चांगलाच असतो.

एक लक्षण फसवं आहे. हँडल बसतं, पाणीही येतं, पण धार जोरात येत नाही किंवा गरम पाणी पूर्ण गरम होत नाही. लोक गीझर तपासतात, टाकीचा दाब तपासतात, पाणी उघडबंद करणारं आतलं कार्ट्रिज बदलतात. खरं तर बॉडी थोडी जास्त आत गेलेली असते, म्हणून हँडल पूर्ण फिरायच्या आधीच त्याची कड प्लेटला टेकते आणि कार्ट्रिज अर्धवटच उघडतं. तपासायला दोन मिनिटं लागतात. हँडल काढा, आतली दांडी पान्याने किंवा हाताने हळूच फिरवून बघा. आता धार मोकळी आली, तर दोष खोलीचा आहे.

खोली म्हणजे कुठून कुठपर्यंत

डायव्हर्टरच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो, त्यावर बॉडीचं आडवं चित्र असतं. त्यात दोन आकडे दिलेले असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. तयार टाइलचा पुढचा चेहरा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आला पाहिजे. बॉडीवर जी प्लास्टिकची टोपी येते, तिच्यावरही याच अर्थाच्या दोन रेघा असतात, बहुतेक वेळा मिन आणि मॅक्स अशा नावाने. टाइलचा चेहरा या दोन रेघांच्या मध्ये दिसला की काम बरोबर.

इथे दोन गैरसमज कायम होतात. पहिला, रेघा प्लास्टरसाठी आहेत असं धरून प्लंबर प्लास्टरचा चेहरा मधोमध आणतो. त्यावर अॅडेसिव्ह आणि टाइल चढली की मॅक्सची रेघ आत गाडली जाते. दुसरा गैरसमज मोजायला सुरुवात कुठून करायची याचा. काही कंपन्यांच्या चित्रात बाण बॉडीच्या पाठीपासून सुरू होतो, काहींच्या पाइपच्या मध्यापासून. एकाच खोलीच्या दोन बॉडींचे आकडे कागदावर यामुळे २०-२५ मिलिमीटरने वेगळे दिसू शकतात. त्यामुळे ‘मागच्या कामात साठला बसवली होती, इथेही साठला बसव’ हे चालत नाही. बाण कुठून निघतो ते आधी बघायचं आणि त्या जागेवर बॉडीला मार्करने खूण करायची.

पुढच्या सगळ्या हिशोबात मी बॉडीच्या पाठीपासून टाइलच्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर धरते. ज्या कामाची गोष्ट सांगणार आहे, त्यातल्या पीसचे आकडे होते कमीत कमी ६० आणि जास्तीत जास्त ८० मिलिमीटर. म्हणजे चुकायला मोकळीक एकूण २० मिलिमीटरची, आणि मधोमध बसवली तर दोन्ही बाजूंना फक्त दहा-दहा.

टाइलची जाडी हा सगळ्यात छोटा आकडा

दुकानात सगळे विचारतात, ‘टाइल किती जाड आहे?’ प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्या उत्तराने फारसा फरक पडत नाही. साधी सिरॅमिकची भिंतीची टाइल ७-८ मिलिमीटरची असते, दोन बाय चार फुटाची व्हिट्रिफाइड ९ च्या आसपास. दोन्हींत एक-दोन मिलिमीटरचा फरक, तो डायव्हर्टरला जाणवतही नाही. ग्रॅनाइट किंवा संगमरवर लावणार असाल तर गोष्ट वेगळी, कारण तो १६ ते १८ मिलिमीटरचा असतो आणि एका फटक्यात आठ-दहा मिलिमीटर खाऊन टाकतो. म्हणून बॉडी बसवल्यावर ‘टाइलऐवजी दगड लावूया का?’ असं कोणी म्हणालं, की मी काम तिथेच थांबवते.

टाइल खरेदी आधी आणि झिरी, म्हणजे बॉडीसाठी भिंतीत पाडायची खाच, नंतर, हा क्रम पाळला तर हा एवढा भाग सुटतो. टाइलच्या पाठीला ज्या उंच रेषा असतात त्या धरून जाडी मोजायची. खोक्यावरचा आकडा वाचण्यापेक्षा एक तुकडा हातात घेऊन व्हर्नियरने मोजलेलं बरं.

विटेच्या चेहऱ्यावर चढणारे थर असे. प्लास्टर साधारण १५, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मिळून २, अॅडेसिव्ह दाबून बसल्यावर ५, टाइल ९. बेरीज ३१. अॅडेसिव्हच्या पाचात थोडं इकडेतिकडे होतं. मोठ्या टाइलला मिस्त्री १० मिलिमीटरच्या दातांची थापी वापरतात, टाइल ठोकून बसली की तो थर साधारण निम्म्यावर येतो. छोट्या टाइलला लहान दात, थरही पातळ.

आता ७० मिलिमीटर धरून बॉडी मधोमध आणायची तर ७० मधून ३१ वजा, म्हणजे बॉडीची पाठ विटेच्या चेहऱ्यापासून ३९ मिलिमीटर आत हवी. मागे बसवायच्या मालासाठी पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे झिरी साधारण ४५ खोल. चार इंची भिंतीत मागे ५५ उरतात. कागदावर सगळं छान जुळतं.

यात सगळ्यात मोठा आकडा धरलेलाच नाही. तो म्हणजे भिंतीचा वाकडेपणा.

सोळा मिलिमीटर कुठून आले

ते काम होतं एका घरमालक काकांचं. काकांचा फ्लॅट वीसेक वर्षं जुन्या इमारतीतला. बाथरूम सात फूट बाय साडेचार फूट. जुन्या टाइल्स आणि त्यामागचा माल फोडून विटा उघड्या केल्या होत्या. शॉवरची भिंत साडेचार फुटांची बाजू, तिच्यामागे बेडरूम. डायव्हर्टर त्या भिंतीच्या मधोमध, जमिनीपासून साडेतीन फुटांवर. टाइल दोन बाय चारची, ९ मिलिमीटर, काकांनी आधीच घेऊन ठेवलेली. म्हणजे मी वर सांगितलेली काळजी त्यांनी घेतली होती.

प्लंबर दादांनी वरचाच हिशोब केला. ३९ आत, बॉडी पक्की केली, सीपीव्हीसीचे जोड वाळू दिले, हातपंपाने दाब दिला, तासभर काटा हलला नाही. काम नीटच झालं होतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री मामा प्लास्टरसाठी ठिय्ये लावायला आले. ठिय्या म्हणजे भिंतीवर ठराविक अंतराने मालाचे छोटे गोळे लावून त्यावर टाइलचे तुकडे दाबायचे, आणि ओळंब्याने ते सगळे एका सपाटीत आणायचे. मग प्लास्टर त्या सपाटीपर्यंत भरायचं. ठिय्या सगळ्यात पुढे आलेल्या विटेवरून सुरू होतो, कारण तिथे किमान १५ मिलिमीटर प्लास्टर हवंच. बाकीची भिंत जितकी मागे, तितकं प्लास्टर तिथे जाड.

काकांची भिंत वरती पुढे होती आणि खाली मागे. सात फुटांत १८ मिलिमीटरचा फरक. डायव्हर्टर बरोबर निम्म्या उंचीवर, म्हणजे तिथे ९. शिवाय भिंत बाजूच्या भिंतीशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती. पुढे काचेचं पार्टिशन येणार होतं, म्हणून मामांनी ती गुण्यात आणायचं ठरवलं. कोपऱ्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४ मिलिमीटर भरायचे होते. डायव्हर्टर मधोमध, त्यामुळे तिथे ७. नऊ आणि सात मिळून सोळा.

म्हणजे त्या नेमक्या जागी थर ३१ नव्हता, ४७ होता. बॉडीची पाठ विटेच्या आत ३९, त्यावर ४७, एकूण ८६. मर्यादा ८० ची. तसंच पुढे गेलो असतो तर शेवटच्या दिवशी हँडल लटपटलं असतं.

मामांचे ठिय्ये लागल्यावर मी अॅल्युमिनियमची पट्टी त्यांच्यावर आडवी टेकवली, पट्टी आणि टोपी यांच्यामधलं अंतर बघितलं आणि दादांना हाक मारली. ते थोडे चिडले, ‘ताई, काल टेस्ट झालंय ना!’ टेस्ट झालीच होती. पण प्लास्टर अजून व्हायचं होतं, म्हणून चार जोड कापून बॉडी पुढे ओढायला अर्धा दिवस पुरला. नवी जागा ७० वजा ४७, म्हणजे विटेच्या आत फक्त २३. मागे तयार झालेली पोकळी घट्ट मालाने भरली, जोड वाळले, पुन्हा दाब दिला. टाइल लागल्यावर मी खोली मोजली तेव्हा ती ७१ भरली.

या भिंतीच्या खालच्या लांबच्या कोपऱ्यात प्लास्टरच ४७ मिलिमीटर जाड झालं. एवढं एका हातात भरलं तर ते सुटतं, म्हणून मामांनी ते तीन थरांत केलं आणि मधल्या थरांना खरवडून खरबरीत ठेवलं.

म्हणून आधी ठिय्ये, मग डायव्हर्टर

आमच्याकडे ठरलेला क्रम असा की प्लंबर आधी येतो, पाइप टाकतो, टेस्ट करतो, निघून जातो, आणि मग मिस्त्री येतो. बॉडी बसवणाऱ्याला भिंतीचा अंतिम चेहरा कुठे येणार हे कळायची सोयच त्या क्रमात नाही. तो अंदाज करतो आणि अंदाज एकाच बाजूला चुकतो. भिंत ठरल्यापेक्षा पातळ क्वचितच होते, जाड मात्र नेहमी होते, कारण ठिय्या सगळ्यात पुढच्या विटेवरून निघतो.

मी आता मिस्त्रीला प्लंबरच्या आदल्या दिवशी अर्ध्या दिवसासाठी बोलावते. तो फक्त शॉवरच्या भिंतीवर चार ठिय्ये लावतो, वर दोन, खाली दोन, आणि बाजूच्या भिंतीशी गुण्या जुळवतो. बाकी बाथरूमचं नंतर. हे ठिय्ये प्लास्टरच्या चेहऱ्याचे असतात, टाइलच्या नाही. हा फरक दादांना समजावून सांगावा लागतो. तोंडी सांगून भागत नाही, म्हणून मी एक ठोकळा बनवते. प्लायच्या तुकड्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, त्यावर त्याच कामाच्या टाइलचा तुकडा, त्याच अॅडेसिव्हने, त्याच थापीने. वाळल्यावर प्लायची जाडी सोडून बाकीची मोजायची. काकांच्या कामात ती १६ भरली. प्लंबर ठिय्यांवर पट्टी टेकवतो, पट्टीच्या पुढच्या कडेपासून पट्टीची जाडी वजा करून ठिय्याचा चेहरा धरतो, आणि त्यात १६ मिळवतो. तो टाइलचा चेहरा. तिथून ७० मागे बॉडीची पाठ.

पट्टीची जाडी वजा करायला विसरणं ही इथली नेहमीची चूक. अॅल्युमिनियमची पट्टी म्हणजे आतून पोकळ चौकोनी नळी, तिची जाडी इंचभर असू शकते. त्यापेक्षा पट्टीच्या मागच्या, म्हणजे ठिय्याला टेकलेल्या बाजूपासूनच मोजा.

ठिय्ये लावणं कुठल्या कारणाने जमलंच नाही, तर बॉडी मधोमध बसवू नका. मिनच्या बाजूला झुकवा. ६० ते ८० च्या पीसला मी अंदाजाच्या कामात ६४-६५ धरते. मग भिंत पंधरा मिलिमीटरने जाड झाली तरी ती ८० च्या आत राहते. मिनच्या पलीकडे जायचा धोका राहतो, आणि तो वाईट, कारण बाहेर आलेली बॉडी नंतर आत ढकलता येत नाही. पण चार-पाच मिलिमीटर मोकळीक तिकडेही असते. ठिय्ये लागलेले असतील तर मात्र सरळ मधोमध. तेव्हा उरलेली चूक फक्त अॅडेसिव्हची, दोन-तीन मिलिमीटरची असते.

खोलीइतकंच महत्त्वाचं म्हणजे बॉडी भिंतीला समांतर असणं. लेव्हल बाटली वरून लावून आडवं-उभं सगळे बघतात, पण बॉडी भिंतीत तिरपी घुसली आहे का हे बाटली नीट सांगत नाही. पट्टीपासून टोपीच्या कडेपर्यंत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं चार ठिकाणी मोजा. टोपी ८० मिलिमीटर रुंद असेल आणि दोन टोकांत २ मिलिमीटरचा फरक असेल, तर १६० मिलिमीटरच्या प्लेटवर तो ४ होतो. एका बाजूला प्लेट टेकलेली आणि दुसऱ्या बाजूला नाणं जाईल एवढी फट, असं जे दिसतं ते यामुळे.

टाइलला भोक पाडताना टोपी काढू देऊ नका. कार्ट्रिजचा नट उघडता येईल एवढी जागा ती राखून ठेवते. टोपी काढून मिस्त्रीने पितळेला टेकून अॅडेसिव्ह भरलं, तर दोन वर्षांनी कार्ट्रिज बदलायला टाइल फोडावी लागते. भोक टोपीच्या बाहेरच्या मापाचं, थोडं सैल, आणि प्लेटच्या कडेपेक्षा बरंच आत. बाहेर आलेली टोपी अगदी शेवटी टाइलच्या चेहऱ्याला कापायची.

वरच्या शॉवरचा आणि खालच्या स्पाउटचा मुद्दा लहान आहे. तिथे फक्त अर्ध्या इंचाचे आटे बाहेर येतात आणि खोल गेले तर पितळेचा एक्स्टेंशन निप्पल जोडला की झालं. कन्सील्ड स्टॉप कॉकला मात्र डायव्हर्टरचेच नियम लागू, त्यालाही मिन-मॅक्स असतात.

भिंत पातळ असेल तर बॉडीच वेगळी घ्या

हिशोब उलट्या बाजूनेही करून बघावा. आपल्या भिंतीत किती खोल जाता येईल हे आधी ठरवा आणि मग पीस निवडा. दुकानात एकाच किमतीच्या आसपास ४५ ते ६५ च्या बॉडीही मिळतात आणि ८० ते १०० च्याही. काकांच्या भिंतीत थर ४७ चा होता, त्यामुळे खोल बॉडीही चालली असती. मधोमध ९० धरले तरी विटेत फक्त ४३ जावं लागलं असतं. पण ओळंब्यात असलेल्या नव्या भिंतीत थर ३१ च राहतो. तिथे ९० ची बॉडी म्हणजे विटेत ५९, आणि मागचा माल धरून झिरी ६५. चार इंची भिंतीत मागे ३५ उरतात. हातोडा लागला की बेडरूमच्या बाजूचं प्लास्टर फुगतं. अशा भिंतीला मी उथळ पीसच घ्यायला सांगते, मग तो दिसायला थोडा साधा असला तरी चालेल.

अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींचे नवे टॉवर असतात, तिथे तर झिरी मारायचा प्रश्नच येत नाही. ती भिंत इमारतीचा भार घेते, तिला छिन्नी लावायची नाही. तिथे शॉवरच्या भिंतीपुढे अर्ध्या उंचीची किंवा पूर्ण उंचीची विटांची दुसरी पातळ भिंत उभारून बॉडी तिच्यात बसवतात. बाथरूमचे तीन-चार इंच जातात, पण अर्ध्या उंचीची असेल तर वर साबण-शाम्पू ठेवायला कट्टा मिळतो. बायका तो कट्टा बघून खूश होतात आणि इंच गेल्याचं विसरतात, असा माझा अनुभव आहे.

टाइल लागून गेल्यावर कळलं तर

आधी मोजा. प्लेट आणि हँडल काढा, पाणी बंद करा, व्हर्नियरच्या मागच्या पट्टीने टाइलच्या चेहऱ्यापासून पितळेच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या आणि कागदावरच्या चित्राशी ताडून बघा. किती मिलिमीटरने चुकलंय हे कळल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

बॉडी खोल गेली असेल तर एक्स्टेंशन किट मिळतं. त्यात लांब दांडी, लांब बाही आणि लांब स्क्रू असतात, साधारण २५ मिलिमीटरने वाढवणारे. इथे एक खाच आहे. ६० ते ८० च्या पीसला २५ चं किट लावलं की नवी मर्यादा ८५ ते १०५ होते. आपली खोली ८६ असेल तर किट बसतं. पण ८३ असेल तर? मूळ दांडी पुरत नाही आणि किट लावलं की हँडल दोन मिलिमीटर पुढे राहतं. काही किटच्या बाह्या कापता येतात, कागदावर तसं लिहिलेलं असतं. नसेल तर प्लेटमागे पातळ गोल रिंग घालून ते दोन मिलिमीटर झाकावे लागतात. किट त्याच मॉडेलचं लागतं, दुसऱ्या कंपनीचं बसत नाही. म्हणून डायव्हर्टर घेतानाच ‘याचं एक्स्टेंशन मिळतं का’ हे विचारा. बंद होत आलेलं मॉडेल सवलतीत मिळतं तेव्हा तर नक्कीच.

बॉडी बाहेर आली असेल तर किट नाही. चार-पाच मिलिमीटरपर्यंत प्लेटमागची रिंग भागवते. त्याहून जास्त असेल तर मी एक उपाय दोनदा केला आहे. डायव्हर्टर ज्या पट्ट्यात येतो, तेवढाच एक फूटभर रुंद पट्टा जमिनीपासून छतापर्यंत दुसऱ्या रंगाच्या टाइलने किंवा दगडाने आहे त्या टाइलवर चिकटवायचा. खालची टाइल घासून खरबरीत करायची आणि टाइलवर टाइलसाठीचं अॅडेसिव्ह घ्यायचं. भिंत तेवढ्या भागात बारा-पंधरा मिलिमीटर पुढे येते आणि पाहुण्यांना ते डिझाइन वाटतं.

प्लेट बसल्यावर सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा, खाली फट ठेवा. मागे कधी पाणी झिरपलंच तर ते खालून बाहेर दिसायला हवं. चारी बाजूंनी बंद केलं तर ते भिंतीत मुरतं आणि बेडरूमच्या रंगाला पोपडे आल्यावरच कळतं.

आणि बॉडी इतकी तिरपी किंवा इतकी खोल असेल की यातलं काहीच चालत नाही, तर टाइल फोडायच्या आधी भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघा. चार इंची भिंत बेडरूमच्या बाजूने फोडून बॉडी मागून मोकळी करता येते, पुढे-मागे सरकवता येते, आणि पुन्हा माल भरून प्लास्टर-रंग करता येतो. टाइल शाबूत राहतात. त्या टाइलचा लॉट आता दुकानात मिळणार नाही, बेडरूमचा रंग मात्र मिळेल. काकांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये गेल्या महिन्यात हेच केलं. तिथे पलीकडे कपाट होतं, त्याची पाठ उघडली आणि काम दिवसभरात आटोपलं. कपाटाची पाठ आता स्क्रूवर ठेवली आहे.